गाडीत ‘सेंड’ दाबलेला मेल नेमका जातो कधी?

कोकण रेल्वेने ये-जा करत भाषांतराची कामं करणाऱ्या, या धंद्यात नुकत्याच आलेल्यांसाठी हे लिहितेय. ऑफलाइन मेल चालू कसा करायचा हे बहुतेकांना माहीत असतं. क्रोममध्ये जीमेलच्या सेटिंग्जमधला Offline टॅब उघडायचा, Enable offline mail वर टिक करायची, ७, ३० की ९० दिवसांचे मेल लॅपटॉपवर ठेवायचे ते निवडायचं. फक्त हे घरून निघण्याआधी, नेट असताना उरकून घ्या.

अडचण सेंड दाबल्यानंतर सुरू होते. नेट नसताना सेंड केलेला मेल आउटबॉक्समध्ये पडतो, आणि हा आउटबॉक्स तुमच्याच लॅपटॉपवर असतो. सर्व्हरला त्या मेलची गंधवार्ताही नसते. म्हणून तो फोनवर दिसत नाही, आणि मुंबईत उतरल्यावर फोनला कितीही चांगलं नेटवर्क मिळालं तरी लॅपटॉप बॅगेत बंद असेल तर मेल जागचा हलत नाही. त्याला तोच लॅपटॉप, तोच प्रोग्रॅम उघडा आणि नेट, तिन्ही एकाच वेळी लागतात. ‘सेंड दाबलंस ना, मग सुटलीस,’ असं मला एका अनुभवी भाषांतरकाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. असा सल्ला देणाऱ्यांवर माझा आजही राग आहे, कारण त्यापायी एक चांगलं काम माझ्या हातून गेलं.

समजा, मुदत संध्याकाळी ६ची आहे. गाडीने रत्नागिरी सोडलं, भोक्यानंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, आणि तुम्ही ५:४०ला सेंड दाबलं. बोगदा संपला, संगमेश्वरच्या आसपास दोन कांड्या आल्या. सोबत ६ एमबीची पीडीएफ आहे. मेलमध्ये जोडलेली फाइल अक्षरांच्या रूपात बदलून जाते, त्यामुळे ती साधारण एक तृतीयांशाने फुगते आणि ८ एमबीच्या घरात पोचते. रेंज मध्येच तुटली तर मेल राहिल्या जागेपासून पुढे जात नाही, तो पुन्हा पहिल्यापासून पाठवावा लागतो. पुढे आणखी बोगदे असतातच. वैतागून तुम्ही लॅपटॉप मिटता, रात्री मुक्कामी ११:१०ला उघडता आणि तेव्हा कुठे मेल सुटतो.

आता वेळेचं बघा. ईमेलच्या २००८च्या मानकात, आरएफसी ५३२२ मध्ये, Date या ओळीत मेल रांगेत टाकल्याची वेळ असावी, प्रत्यक्ष निघाल्याची नव्हे, असं स्पष्ट लिहिलंय. उदाहरणही नेटशिवायच्या लॅपटॉपचंच दिलंय. त्यामुळे हे पाळणाऱ्या प्रोग्रॅमने पाठवलेल्या मेलवर ५:४० दिसतं आणि तुम्ही निर्धास्त राहता. पण वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली Received ही ओळ वर चढवत जातो, आणि तिथे ११:१० असतं. ग्राहकाने ती ओळ दाखवली की वाद घालायला जागा उरत नाही.

घाबरून जाऊ नका, खात्री करणं सोपं आहे. दुसऱ्या उपकरणावर, म्हणजे फोनवर, तेच खातं उघडून Sent मध्ये बघा. तिथे मेल दिसला तर तो सर्व्हरपर्यंत पोचलाय. मी मुदतीच्या मेलवर स्वतःलाही बीसीसी ठेवते, म्हणजे फोनवर प्रत येऊन पडली की जीव भांड्यात पडतो.

फोनवर दिसत नाही म्हणून घाईने फोनवरून नवी प्रत पाठवू नका, असं मात्र कळकळीने सांगते. लॅपटॉपमधली जुनी प्रत अजून रांगेतच असते, आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडताच ती सुधारित मजकुराच्या मागोमाग ग्राहकाकडे जाते. कोणती अंतिम, हे त्याला कळत नाही. फोनवरून पाठवणं भागच असेल तर आधी नेट बंद ठेवून लॅपटॉपच्या आउटबॉक्समधून जुना मेल काढा. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये तर आउटबॉक्समधला मेल नुसता उघडून बंद केला तरी तो रांगेतून निघतो. यादीतलं त्याचं तिरपं अक्षर सरळ झालेलं दिसतं, आणि पुन्हा सेंड दाबेपर्यंत तो तिथेच बसून राहतो.

मुदत प्रवासात येत असेल तर मी जड फाइल निघण्यापूर्वी ड्राइव्हवर चढवून ती उघडण्याची परवानगी ग्राहकाला देऊन ठेवते. मग गाडीतून फक्त दुव्याचा दोन ओळींचा मेल जायचा उरतो, आणि तो चिपळूण स्टेशनात गाडी थांबते तेवढ्यात सुटू शकतो. तो सुटेपर्यंत लॅपटॉप मिटायचा नाही.