संस्थेची पोस्ट आणि दोस्तांची पोस्ट: मराठी कुठे कुठली लिहावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एकाच माणसाच्या गळ्यात दोन कामं पडतात: सकाळी वाचनालयाच्या नावानं पोस्ट लिहायची, रात्री मित्रमंडळाच्या नावानं. दोन्हीकडे मराठीच, पण एक नव्हे.

आधी ठरवा की बोलतंय कोण. ज्या नावानं पावती फाडली जाते, त्या नावानं पैशाचं, तारखेचं किंवा निर्णयाचं सांगायचं असेल तर ती संस्थेची पोस्ट. गल्लीचं गणेशोत्सव मंडळ वर्गणीचा हिशोब देतं तेव्हा संस्था असतं, विसर्जनाचे फोटो टाकतं तेव्हा दोस्तांचा घोळका. म्हणून नाव बघून नव्हे, मजकूर बघून ठरवा.

मग सांगायचं ते घरच्या बोलीत लिहून काढा.

आता खरी अवघड पायरी: बोलीतला मजकूर संस्थेच्या मराठीत आणणं. ‘जड शब्द घाला’ हा सल्ला मिळतो, तो साफ चुकीचा आहे. ‘उपरोक्त विषयान्वये’ लिहून पोस्ट औपचारिक होत नाही, फक्त वाचवत नाही. औपचारिकपणा असतो वाक्याच्या शेवटी, क्रियापदात. हा कच्चा मजकूर बघा:

‘कमिटीवाले पुस्तकं मोजूलालेत. वाचनालय दोन दिवस बंद हाय म्हणून सांगितलेत. नंतर येऊन पुस्तक देऊन जावा, दंड नाही की.’

गल्लीत हे सगळ्यांना कळतं. पण हीच पोस्ट पुण्यात राहणारा सभासदही वाचतो. ‘मोजूलालेत’ त्याला अडखळवेल, तरी अंदाजानं कळेल. धोका ‘म्हणून’मध्ये आहे. आपल्याकडे कन्नडच्या ‘अंत’सारखं ‘म्हणून’ वापरतात, म्हणजे ‘असं’ या अर्थी. प्रमाण मराठीत ‘म्हणून’ बहुतेक वेळा कारण दाखवतं. ‘सभा पुढे गेली म्हणून कळवलंय’ हे बाहेरचा माणूस ‘सभा पुढे गेली, त्या कारणानं कळवलं’ असं वाचतो. संस्थेच्या मजकुरात तिथे ‘असे’ किंवा ‘की’ घाला, नाहीतर वाक्यच फिरवा. ‘जावा’ हे आपल्याकडे आदराचं रूप, लेखी मराठीत त्याच्या जागी ‘द्यावे’, ‘करावे’ येतं. शेवटचा ‘की’ काढून टाका. आणि ‘दोन दिवस’ नको, तारीख घाला, कारण पोस्ट पुढे पाठवली जाते आणि कुणी ती तीन दिवसांनी वाचतो.

हातात राहतं ते असं:

‘पुस्तकांची मोजदाद करायची असल्याने वाचनालय १२ व १३ तारखेला बंद राहील. या दोन दिवसांत मुदत संपणारी पुस्तके १४ तारखेला परत करावीत. त्यांवर दंड आकारला जाणार नाही.’

एकही जड शब्द नाही, तरी ही संस्थेची सूचना आहे.

पुढची चूक टिंबांची. ‘पुस्तकं, केलं, सगळं’ ही बोलण्याची रूपं, ‘पुस्तके, केले, सगळे’ ही लेखी. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांतही हा फरक आहे. दोन्ही चालतात, एकाच पोस्टमध्ये मिसळली की चालत नाहीत. घसरगुंडी बहुतेक तिसऱ्या-चौथ्या ओळीत होते: वर ‘ठरवण्यात आले आहे’ आणि खाली ‘सांगितलंय’. म्हणून लिहून झाल्यावर फक्त वाक्यांचे शेवट वरून खाली वाचा. मात्र सरसकट टिंबं पुसू नका. ‘अध्यक्षांनी’, ‘सभासदांना’ यांतली टिंबं अनेकवचनाची आणि आदराची आहेत. ‘अध्यक्षानी’ लिहिलंत तर मान गेला आणि शुद्धलेखनही.

‘करण्यात आले आहे’ जपून वापरा. त्यात दोन खड्डे आहेत. एक लिंगाचा: शिबिर आयोजित करण्यात आले आहे, कार्यक्रम आयोजित करण्यात आला आहे, सभा आयोजित करण्यात आली आहे. दुसरा मोठा: करणारा दिसेनासा होतो. ‘वर्गणी वाढवण्यात आली आहे’ वाचलं की पहिला प्रश्न ‘कुणी वाढवली?’ पैशाच्या बाबतीत ‘कार्यकारिणीने वर्गणी वाढवली आहे’ असंच लिहा.

दोस्तांच्या पोस्टला यातलं काही लागत नाही. ‘येऊलालास काय बे?’ तसंच राहू द्या. इकडच्या कितीतरी बाया ‘मी येतो’ म्हणतात, ते ‘येते’ करू नका. पुस्तकी केलेली बोली परक्यासारखी वाटते आणि उत्तरं येणं थांबतं.

अपवाद निधनाच्या बातमीचा. दोस्तांच्या घोळक्यातही ती संस्थेच्या मराठीत लिहा: पूर्ण नाव, ‘यांचे निधन झाले’, आणि ‘अंत्ययात्रा सकाळी ११ वाजता राहत्या घरून निघेल’. हळहळ त्याखाली आपल्या बोलीत लिहा.