ग्रुप असाइनमेंटची चेकलिस्ट बनवताना या चुका टाळा

ब्रीफ आलं की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "इन्ट्रो मी घेतो, कन्क्लुजन तू घे." झालं, काम वाटलं म्हणे! अरे, ही रिपोर्टची हेडिंगं आहेत, कामं नाहीत.

मी ब्रीफची प्रिंट काढतो आणि जिथे काहीतरी करायला किंवा द्यायला सांगितलंय तिथे पेनाने गोल करतो. समजा ब्रीफ असं आहे: 50 जणांचा सर्व्हे करून 2,500 शब्दांचा रिपोर्ट, सोबत प्लेजरिझम रिपोर्ट, गाइडची सही घेऊन स्पायरल बाइंडिंगसह शुक्रवारी 20 तारखेला जमा करा. आता यात प्रश्नावली बनवणं, ती गाइडला दाखवणं, फॉर्म फिरवणं, चार्ट काढणं, सगळ्यांचं लिखाण एका फाइलमध्ये आणणं ही कामं कुठेच लिहिलेली नाहीत, पण करावी तर लागतातच. आणि सही हे पण एक काम आहे, त्याला वेगळी ओळ पाहिजे.

मागच्या वर्षी एका ग्रुपचा रिपोर्ट आदल्या संध्याकाळी तयार होता, चांगला होता. सकाळी सहीला गेले तर सर दुसऱ्या कॉलेजला प्रॅक्टिकलचे एक्स्टर्नल म्हणून गेलेले, दोन दिवस येणार नव्हते. लेट सबमिशनचे मार्क कापले गेले आणि वर पोरं सरांवरच चिडली! त्यांची शीट मी बघितली, रंगीबेरंगी, प्रोग्रेस बार वगैरे, फक्त सहीची ओळ नव्हती. रेडीमेड टेम्प्लेट डाउनलोड केलं की असंच होतं, त्यात तुमच्या कॉलेजची सही कुठून येणार.

तारखा शेवटाकडून मागे लावा. 20 ला सबमिशन, 19 रिकामा, 18 ला बाइंडिंग (त्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याकडे जत्रा असते), 17 ला सही, आणि त्या दिवशी सर आहेत का हे आठवडाभर आधीच विचारायचं. 14 ला प्लेजरिझम चेक, म्हणजे काही जुळलंच तर परत लिहायला शनिवार-रविवार मिळतो. त्यासाठी 13 ला एकत्र ड्राफ्ट, 8 ला सर्व्हे बंद, 3 ला फॉर्म बाहेर. 19 तारखेला कोणाच्याही नावावर काम टाकायचं नाही, "थोडं फॉरमॅटिंग उरलंय" सुद्धा नाही. बफर उरलेल्या कामासाठी नसतो, लाइट जाणं, पेन ड्राइव्ह न उघडणं यासाठी असतो.

माइलस्टोन डोळ्यांना दिसला पाहिजे. "सर्व्हे चालू आहे" चालणार नाही, "शीटमध्ये 50 उत्तरं आली" चालेल.

ओनरच्या रकान्यात "सगळे" लिहिलं की ते काम कोणाचंच नाही. एकच नाव लिहा, मदत कोणीही करू दे, पण विचारायचं त्यालाच. आणि फाइल एकत्र करणाऱ्याला लिखाण कमी द्या, त्याच्या डोक्याला पाच जणांचे पाच फॉन्ट आधीच पुरेसे असतात.