परदेशातून आलेल्या पैशांचा अ‍ॅडव्हाइस कसा तपासावा

नाशिकमध्ये बसून अमेरिकेतल्या कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या एका फ्रीलान्सरचं उदाहरण घेऊ. बिल २००० डॉलरचं. खात्यात जमा झाले १,६६,११५ रुपये ३२ पैसे. त्या दिवशीचा बाजारदर ८५.४० धरला तर १,७०,८०० यायला हवे होते. म्हणजे ४,६८४ रुपये ६८ पैसे कुठेतरी गळाले. बँकेच्या कागदावर ‘चार्जेस’ या नावाखाली मात्र जेमतेम दोनेकशे रुपये दिसतात. बाकीचे शोधायचे असतील तर आधी डॉलर जुळवा, रुपयांकडे नंतर वळा. दोन्ही एकदम जुळवायला गेलं की हिशेब हमखास गंडतो.

१. हातात दोन कागद असू द्या

पहिला कागद म्हणजे तुमच्या बँकेचा इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस, ज्याला बरेच जण फिरा म्हणतात. काही बँका तो ईमेलने पाठवतात, काहींकडे मागावा लागतो. दुसरा कागद म्हणजे स्विफ्ट कॉपी, अर्थात एका बँकेने दुसरीला पाठवलेल्या संदेशाची प्रत. ती तुमच्या शाखेकडे मागा, नाहीतर ग्राहकाला त्याच्या बँकेकडून घ्यायला सांगा. अ‍ॅडव्हाइसवर अनेकदा फक्त शेवटची रक्कम असते. वाटेत काय घडलं ते स्विफ्ट कॉपीतच दिसतं.

२. डॉलर जुळवा

आपल्या उदाहरणातल्या प्रतीतल्या कामाच्या ओळी अशा:

```
:32A:  (तारीख) USD1975,00
:33B:  USD2000,00
:71A:  SHA
:71F:  USD15,00
:71F:  USD10,00
```

`33B` म्हणजे ग्राहकाने पाठवायला सांगितलेली रक्कम आणि `32A` म्हणजे शेवटच्या टप्प्यावर बँकेच्या हाती आलेली रक्कम. स्वल्पविराम इथे दशांशचिन्हाचं काम करतो. मधले २५ डॉलर दोन बँकांनी घेतले आणि प्रत्येकीची `71F` ओळ तिथे आहे. तुमच्या बँकेचा आणि ग्राहकाच्या बँकेचा थेट व्यवहार नसला की पैसे मधल्या बँकेतून येतात आणि ती आपला वाटा कापून उरलेले पुढे पाठवते.

हे कापणं योग्य की नाही, ते `71A` वरून ठरतं. `SHA` म्हणजे ग्राहक फक्त स्वतःच्या बँकेचा खर्च देणार, वाटेतला तुमच्या माथी. `BEN` म्हणजे सगळाच तुमच्या माथी. `OUR` म्हणजे सगळा ग्राहकाचा. `OUR` असूनही रक्कम कमी आली असेल, तर तुमच्या शाखेत वाद घालून उपयोग नाही. चौकशी ग्राहकाच्या बँकेनेच करायची असते. त्यासाठी संदेशावरचा ३६ अक्षरांचा `UETR` क्रमांक ग्राहकाला पाठवा. पैसे कोणत्या बँकेतून गेले आणि कोणी किती कापलं, हे त्यावरून शोधता येतं.

नव्या `pacs.008` रचनेच्या प्रतीवर हे ओळींचे क्रमांक नसतात. तिथे `33B`, `32A`, `71A` आणि `71F` यांच्या जागी अनुक्रमे `InstdAmt`, `IntrBkSttlmAmt`, `ChrgBr` आणि `ChrgsInf` अशी नावं शोधा. अर्थ तोच.

`32A` मध्ये डॉलरऐवजी `INR` दिसलं तर थांबा. पैसे अमेरिकेतच रुपयांत बदलून पाठवलेत, दर तिकडच्या बँकेने लावलाय, आणि तुमची बँक त्यात काही करू शकत नाही. ‘पाठवण्याचं शुल्क शून्य’ ही सवलत बऱ्याचदा अशी दरातून वसूल होते. ग्राहकाला पुढच्या वेळी डॉलरमध्येच पाठवायला सांगा.

३. आता दर

अ‍ॅडव्हाइसवर दर ८४.३५ आहे. १९७५ गुणिले ८४.३५ म्हणजे १,६६,५९१ रुपये २५ पैसे. हा गुणाकार स्वतः करून पाहा. छापलेल्या आकड्याशी तो जुळलाच पाहिजे.

दर वाजवी आहे का, हे पाहायला तुलना कशाशी करायची? गूगलवर दिसणाऱ्या दराशी नको. कामाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास एफबीआयएल या संस्थेचा संदर्भ दर जाहीर होतो, तो घ्या. शिवाय तुमच्या बँकेचा त्या दिवसाचा टीटी बाइंग दर पाहा. टीटी सेलिंग चुकून घेऊ नका, तो पैसे बाहेर पाठवणाऱ्यांसाठी असतो. तारीख रूपांतराची घ्यायची, ग्राहकाने पैसे पाठवले त्या दिवसाची नाही. शाखेने कागद मागितले आणि तुम्ही चार दिवसांनी दिले, तर साधारणपणे दर त्या चौथ्या दिवसाचा लागतो.

आपल्या उदाहरणात फरक डॉलरमागे १ रुपया ५ पैसे, म्हणजे एकूण २,०७३ रुपये ७५ पैसे. हे बँकेचं मार्जिन. ते चार्जेसमध्ये कधीच दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर घासाघीस करण्यासारखी रक्कम हीच आहे. मात्र ती रूपांतर होण्याआधी. पैसे येणार हे आधी कळवून शाखेच्या फॉरेक्स डेस्ककडून दर ठरवून घेता येतो. नियमित पैसे येत असतील तर कमी मार्जिन लेखी मागा. एकदा रुपये जमा झाले की दर सहसा बदलत नाही, तो चुकून भलताच लागला असेल तरच.

वाटेत कापलेले २५ डॉलर बाजारदराने २,१३५ रुपयांचे. ते आणि हे मार्जिन एकूण गळतीतून वजा केलं की उरले ४७५ रुपये ९३ पैसे. त्यात २०० रुपये बँकेचं शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ३६ रुपये. बाकीचे २३९ रुपये ९३ पैसे म्हणजे चलन बदलण्यावरचा जीएसटी. एक लाख ते दहा लाखांच्या व्यवहारात १,००० रुपये अधिक एक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, एवढं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर लावतात. हे सूत्र कायद्यातलं आहे, त्यावर भांडू नका.

४. नावं

पुन्हा स्विफ्ट कॉपीकडे या. तिच्या `59` ओळीत तुमचं नाव आणि खाते क्रमांक असतो. बिल व्यवसायाच्या नावाने आणि खातं वैयक्तिक नावाने, ही नेहमीची भानगड. पैसे अडकतात, किंवा जमा झाले तरी बिलाशी जोडताना सीएची पंचाईत होते. `50K` मध्ये पाठवणाऱ्याचं नाव असतं. तिथे ग्राहकाऐवजी एखाद्या पेमेंट कंपनीचं नाव असेल, तर `70` मध्ये बिल क्रमांक आहे ना ते बघा. तोही नसेल तर ग्राहकाकडून ईमेलवर खुलासा घेऊन अ‍ॅडव्हाइससोबत ठेवा.

५. पर्पज कोड

पैसे कशासाठी आले ते सांगणारा हा रिझर्व्ह बँकेचा कोड. सॉफ्टवेअर सल्लासेवेसाठी `P0802`. तुम्ही काहीच कळवलं नाही, तर शाखा कधीकधी अंदाजाने `P1301` टाकून मोकळी होते. तो परदेशस्थ भारतीयांनी घरखर्चासाठी पाठवलेल्या पैशांचा कोड आहे. पैसे तर जमा होतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे जीएसटीत हीच रक्कम सेवेची निर्यात म्हणून दाखवायला गेलात की अधिकारी विचारणार, हा तर घरखर्च, निर्यात कुठाय?

चुकीचा कोड दिसला की बिल, करार आणि अ‍ॅडव्हाइसची प्रत जोडून शाखेला ईमेल करा आणि कोड दुरुस्त करून सुधारित अ‍ॅडव्हाइस मागा. तोंडी सांगून काम होत नाही. बँकेने हा कोड रिझर्व्ह बँकेला कळवलेला असतो, त्यामुळे जितका उशीर तितकी शाखेची टाळाटाळ वाढते. तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येतं. तिथे बँकेला केलेल्या त्या ईमेलची तारीख लागते.