रोजचा प्रॉडक्शन लॉग: या चुका टाळा

लेथवर बुश काढणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्येही रजिस्टर असतं, पण त्यातला आकडा पेटीतल्या मालाशी जुळेल याची खात्री नसते. घोळ बहुतेक वेळा रिवर्कमध्ये असतो.

एका ठिकाणी हिशेब तपासायला बसलो होतो. ३०० ब्लँक दिले होते. पहिल्या दिवशी १६० नग निघाले: १३८ चांगले, ६ रिजेक्ट आणि १६ नगांचा बोर बारीक, गो गेज आत जात नव्हतं. 'उद्या होणारच आहेत' म्हणून ऑपरेटरने ते चांगल्यातच धरून १५४ लिहिले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या १४० मधले १३१ चांगले, ४ रिजेक्ट, ५ रिवर्क. कालच्या १६ पैकी १३ सुधारले, तीन नगांचा बोर मोठा होऊन गेला. त्याने तेरा परत चांगल्यात धरले, पाचही धरले, आणि लिहिलं: चांगले १४९, रिजेक्ट ७. दोन दिवस मिळून चांगले ३०३, रिजेक्ट १३. ३०० ब्लँकमधून ३१६ नग! मालकांनी बेरीज न करता ३०० नगांचं चलन फाडलं. पेटीत निघाले २८२.

माझी सवय अशी: पहिल्याच फटक्यात गेजला पास झाला तोच 'चांगला'. बारीक बोरचे नग पिवळ्या क्रेटमध्ये आणि 'रिवर्क बाकी'च्या रकान्यात. ते सुधारले की 'रिवर्कमधून पास' या वेगळ्या रकान्यात. 'आज काढलेले' मध्ये कधीच नाही. नो-गो आत गेलं तर नग थेट लाल क्रेटमध्ये, त्याला रिवर्क म्हणून लटकवत ठेवू नका. शिफ्ट सुटताना एकच ताळा: दिलेले ब्लँक = चांगले + रिवर्कमधून पास + रिजेक्ट + रिवर्क बाकी + न लावलेले. वरच्या कामात तो २६९ + १३ + १३ + ५ + ०, बरोबर ३०० येतो. ताळा बसेपर्यंत मी पान बंद करत नाही.

दुसरी चूक, सगळं संध्याकाळी आठवून लिहिणं. रोज १५०, १६०, १५० असे गोल आकडे दिसले की समजा, कोणी मोजलेलं नाही. दर दोन तासांनी, चहाला जायच्या आधी, मशीनजवळच लिहा.

मशीनचा काउंटर जसाच्या तसा उतरवू नका. तो सायकल मोजतो, त्यात ड्राय रन आणि रिवर्कही येतात. सेटिंगला गेलेले दोन-तीन नग रिजेक्टमध्ये धरा, पण कारण 'सेटिंग' लिहा. 'मशीन प्रॉब्लेम' हे कारण नव्हे. 'इन्सर्ट झिजला' हे कारण.

नवीन मंडळींना पहिल्याच आठवड्यात मोबाईल ॲप हवं असतं. आधी वहीतला ताळा महिनाभर बसवून दाखवा. आणि रिजेक्टवरून सगळ्यांसमोर ऑपरेटरला झापत असाल तर वहीही कामाची नाही. खराब नग चिप्सच्या ढिगात जातील आणि ताळ्यात नेमके तेवढेच कमी पडतील.