भाड्याच्या घरात टाकी-मोटर बसवण्याआधी

नोकरीसाठी संभाजीनगरला येऊन घर भाड्याने घेतलं की पहिला खर्च बहुतेकदा पाण्याचा निघतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण टाकी-मोटर बसवतो. पावसाळ्यात छत गळायला लागलं की तेही आपणच करून घेतो. मीही बाहेरूनच इथे आलो. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगतो, हे दोन खर्च वेगळे आहेत. गळकं छत ही दुरुस्ती झाली, टाकी ही सुधारणा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. त्याने दुर्लक्ष केलं, तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरू ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त वळतं करता येत नाही.

समजा भाडं ९,००० रुपये आहे. वर्षाचे १,०८,००० झाले आणि चौथा हिस्सा २७,०००. छताच्या वॉटरप्रूफिंगला २२,००० लागले, तर ते मर्यादेत बसतात. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, गळतीचे फोटो काढा आणि पावत्या जपा, कारण हिशेब पावत्यांवरच ठरतो.

इथे दोन अडचणी येतात. करारात ‘सर्व दुरुस्ती भाडेकरू करेल’ असं लिहिलेलं असेल, तर हा हक्क राहत नाही. म्हणून सहीआधी ते कलम शोधाच. दुसरं म्हणजे, हा हक्क भाडेकरूचा आहे. आजकाल बहुतेकांचा करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो, म्हणजे फक्त राहण्याची परवानगी, आणि त्यात राहणारा कायद्याने भाडेकरू ठरत नाही. त्यात कायद्याच्या भरवशावर पैसे कापू नका, दुरुस्ती कोण करणार ते करारातच लिहून घ्या.

आता टाकी. १,००० लिटरची टाकी, मोटर आणि पाइप मिळून १२,००० रुपये झाले असं धरा. मालकाने कबूल केलं नसेल तर ते मागता येत नाहीत. ‘बसवा, नंतर बघू’ हे तोंडी बोलणं घर सोडताना कुणाला आठवत नाही. म्हणून बसवण्याआधीच लिहून सही घ्या:

‘भाडेकरूने मालकाच्या संमतीने टाकी व मोटर बसवली. खर्च १२,००० रुपये. दरमहा १,००० रुपये भाड्यातून वळते होतील. त्याआधी घर सोडल्यास उरलेली रक्कम मालक डिपॉझिटसोबत देईल.’

मालक नाही म्हणाला, तर काढून नेता येईल असंच सामान बसवा आणि ते आपलं असल्याचं करारात नोंदवा. घर सोडण्याआधी टाकी-मोटर काढा, भिंतीची भोकं बुजवा. फरशी किंवा ओटा असा उचलून नेता येत नाही, त्यात लेखी कबुलीशिवाय पैसे घालू नका. पक्कं बांधकाम तर मालकाच्या लेखी संमतीविना करूच नका. कलम १६ नुसार तेवढ्यावरून घर खाली करून मागता येतं.