मतांची टक्केवारी आणि जागा: निवडणूक निकालाच्या प्रश्नात या चुका टाळा

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभरातील सुमारे ४ टक्के मते मिळाली, पण एकही जागा मिळाली नाही. अण्णाद्रमुकला मात्र ३.३ टक्के मतांवर ३७ जागा मिळाल्या. नागरिकशास्त्रात या निकालाचे कारण विचारले, की अनेक विद्यार्थी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची व्याख्या लिहून मोकळे होतात. हे निकालाच्या अगदी उलट आहे, कारण त्या पद्धतीत मतांचा आणि जागांचा वाटा जवळपास सारखा राहतो. ५४३ जागांपैकी बसपाला साधारण २२ आणि अण्णाद्रमुकला साधारण १८ जागा मिळाल्या असत्या.

ही गफलत होते, कारण विद्यार्थी देशाची टक्केवारी पाहतात आणि मतमोजणीचे एकक विसरतात. लोकसभेत प्रत्येक मतदारसंघाचा निकाल स्वतंत्र असतो. तेथे ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. निम्म्याहून अधिक मते आवश्यक नसतात आणि पराभूत उमेदवाराची मते इतरत्र कोठेही मोजली जात नाहीत. अण्णाद्रमुकची मते जवळजवळ सगळी तामिळनाडूत एकवटलेली होती. तेथे त्याला सुमारे ४४ टक्के मते मिळाली, विरोधी मते द्रमुक आणि भाजपच्या आघाड्यांत विभागली गेली आणि राज्यातील ३९ पैकी ३७ जागा त्याच्याकडे गेल्या. बसपाला उत्तर प्रदेशात जवळपास २० टक्के मते पडली, परंतु ती ८० मतदारसंघांत पसरलेली असल्याने एकाही ठिकाणी पहिला क्रमांक मिळाला नाही. उत्तरात ‘मते कोठे पडली’ हा मुद्दा नसेल, तर व्याख्या कितीही अचूक लिहिली तरी कारण अपुरेच राहते.

याच्या उलट चूकही आढळते. राज्यसभेची निवडणूक एकल संक्रमणीय मताने, म्हणजे प्रमाणशीर पद्धतीने होते, हे पाठ असल्यामुळे काहीजण तोच नियम लोकसभेला लावतात. राज्यसभेसाठी आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. महाराष्ट्रातून सहा जागा भरायच्या असतील आणि सर्व २८८ आमदारांनी वैध मतदान केले, तर मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या संख्येने भागतात: २८८ भागिले ७, म्हणजे सुमारे ४१.१ येतात, म्हणून पहिल्या पसंतीची ४२ मते मिळवणारा निश्चित निवडून येतो. गरजेपेक्षा जास्त मते दुसऱ्या पसंतीकडे वळतात. लोकसभेत असे हस्तांतरण नसते.

प्रमाणशीर पद्धतीत प्रत्येक पक्षाला जागा मिळतेच, असे सरसकट लिहिणेही धोक्याचे आहे. जर्मनीत साधारणपणे ५ टक्के मतांचा उंबरठा आहे. बसपाइतका, म्हणजे सुमारे ४ टक्के वाटा असलेला पक्ष तेथेही बहुधा बाहेरच राहिला असता. त्यामुळे एखाद्या पक्षाला शून्य जागा मिळाल्या, एवढ्यावरून पद्धत ओळखू नये. प्रश्नात मतदारसंघनिहाय विजेते दिले आहेत की पक्षाच्या यादीला मिळालेली एकूण मते, हे आधी पाहावे आणि मगच टक्केवारीकडे वळावे.