वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेताना डीएनएस कसं बदलावं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याने वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली, असं समजा. त्याच्या पेढीवर नवी साइट उघडते, पण मिरजेतल्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर रात्रीपर्यंत जुनेच भाव दिसतात. यात बिघाड काहीच नाही. वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगायचं काम डीएनएस करतं, पण त्यासाठी दर वेळी मूळ नोंद उघडली जात नाही. इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवतो. किती काळ, ते नोंदीतच सेकंदांत लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. ८६४०० म्हणजे अख्खा दिवस.

म्हणून खरं काम पत्ता बदलण्याच्या आदल्या दिवशीच करायचं. आधी सध्याचा टीटीएल पाहा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये example.com च्या जागी आपलं नाव घाला:

```
nslookup -type=ns example.com
nslookup -debug example.com ns1.example.com
```

पहिल्या ओळीने तुमच्या नेमसर्व्हरची, म्हणजे मूळ नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरची, नावं मिळतात. त्यांतलं एक दुसऱ्या ओळीच्या शेवटी टाका. उत्तरात ttl दिसेल. तो ८६४०० असेल, तर डोमेनच्या पॅनेलमध्ये ए रेकॉर्डचा, म्हणजे आयपी पत्त्याच्या नोंदीचा, टीटीएल ३०० करा. पत्त्याला अजून हात लावू नका. जुनं उत्तर ज्यांच्याकडे साठलंय, त्यांना ते विसरायला दिवसभर लागणारच. ही वाट न बघता लगेच पत्ता बदलला, तर टीटीएल कमी करण्याचा काही उपयोग होत नाही.

दिवस उलटला की ए रेकॉर्डमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता लिहा. वरची दुसरी कमांड पुन्हा चालवा. नेमसर्व्हर नवा पत्ता सांगतोय, पण ब्राउझर जुनीच साइट दाखवतोय, तर साठवण तुमच्याच संगणकात असू शकते. ती अशी पुसा:

```
ipconfig /flushdns
```

जुना सर्व्हर मात्र दोन-तीन दिवस चालू ठेवा, कारण काही रिझॉल्व्हर ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ जुनं उत्तर देतात. त्या दिवसांत एखादी ऑर्डर जुन्या सर्व्हरवरच नोंदली जाऊ शकते, तेव्हा तिथला डेटाबेसही तपासत राहा. सगळं सुरळीत झालं की टीटीएल पुन्हा ३६०० किंवा त्याहून जास्त करा.

होस्टिंगवाला कधी कधी नेमसर्व्हरच बदलायला सांगतो. त्यात जोखीम जास्त आहे. नव्या नेमसर्व्हरवर जुन्या नोंदी आपोआप येतीलच असं नाही, आणि मेल कुठे पोचवायची ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड राहून गेला तर साइट उत्तम चालते, पण व्यापाऱ्याला मेल येणं बंद होतं. बदल करण्याआधी पॅनेलमधल्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या आणि एकेक नोंद नव्या ठिकाणी भरून मगच नेमसर्व्हर बदला.